चरबी कमी होत नसेल तर: खाण्याची नोंद खरी कशी ठेवायची

एक माणूस उदाहरणासाठी घेऊ. वय 38, उंची 172 सेंटिमीटर, वजन 88 किलो. दिवसभर बसून काम आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं. त्याने आधी रात्रीचं जेवण सोडून पाहिलं, मग भात बंद केला, मग धावायला लागला. प्रत्येक वेळी पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काटा थोडा खाली आला, तिथेच अडकला आणि पुढे परत वर गेला. आता सहा महिने तो मोबाइलवर खाण्याची नोंद ठेवतोय. नोंदीत रोजच्या 1,550 कॅलरी दिसतात आणि वजन मात्र 88 वरच आहे. रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, थायरॉइडही ठीक निघालं. त्यामुळे आपलं शरीरच मंद आहे, कमी खाऊनही त्याला फरक पडत नाही, असं त्याचं मत झालंय.

हा माणूस रचलेला असला तरी त्याची अडचण अगदी नेहमीची आहे. ती कशी सोडवायची ते त्याच्याच आकड्यांवरून पाहू.

आधी हिशेब

वजन महिनोन्महिने एका जागी असेल तर माणूस जेवढं खर्च करतो तेवढंच सरासरीने खातोय, हे गृहीत धरावं लागतं. खर्चाचा अंदाज काढायला मिफ्लिन-सेंट जिओर हे सूत्र बरं पडतं. पुरुषांसाठी ते असं आहे: (10 × वजन किलोत) + (6.25 × उंची सेंटिमीटरमध्ये) − (5 × वय) + 5. स्त्रियांसाठी शेवटच्या +5 च्या जागी −161 घ्यायचे. आपल्या माणसाचं उत्तर येतं 880 + 1,075 − 190 + 5, म्हणजे 1,770. हा नुसतं पडून राहण्याचा खर्च झाला. बैठं काम आणि थोडं चालणं धरून त्याला 1.4 ने गुणलं की दिवसाला साधारण 2,480 कॅलरी होतात.

नोंद म्हणते 1,550 आणि सूत्र म्हणतं 2,480. फरक 930 कॅलरींचा आहे. सूत्र एखाद्या माणसाच्या बाबतीत 10 टक्के इकडेतिकडे होऊ शकतं, पण इतकं नाही. दिवसाला खरोखरच 930 कॅलरी कमी पडत असत्या तर सहा महिन्यांत या माणसाचं वजन निदान दहा-बारा किलोंनी उतरलं असतं. तेव्हा चूक नोंदीतच असणार.

त्यात त्याला खोटारडा ठरवायचं काही कारण नाही. 1992 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला होता. 1,200 कॅलरींपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या लोकांना त्यात घेतलं होतं. त्यांचा खरा ऊर्जाखर्च प्रयोगशाळेतल्या पद्धतींनी मोजला, तेव्हा चयापचय व्यवस्थित निघालं. ते सांगत होते त्यापेक्षा खूप जास्त खात होते: प्रत्यक्ष खाण्याचा सरासरी 47 टक्के भाग त्यांच्या नोंदीत आलाच नव्हता. व्यायाम मात्र त्यांनी प्रत्यक्षापेक्षा 51 टक्के जास्त सांगितला होता. डोळ्यांच्या अंदाजावर आणि आठवणीवर विसंबलं की असं कुणाचंही होतं. म्हणून इथे सगळा भर मोजण्याच्या पद्धतीवर आहे.

हे कुणी करू नये

खाण्यासंबंधीचा मानसिक आजार पूर्वी झाला असेल किंवा आता असेल, तर वजन-मापं आणि कॅलरी लिहिण्याच्या वाटेला जाऊ नये. आकडेच त्या आजाराला खतपाणी घालतात. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी आणि 18 वर्षांखालच्या मुलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाणं कमी करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खाणं कमी झाल्यावर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. त्यांनी औषधाचा डोस आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावा.

पहिली पायरी: साहित्य

स्वयंपाकाचा डिजिटल काटा घ्या, 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा आणि निदान 5 किलो पेलणारा. पातेल्यासकट शिजलेलं अन्न त्यावर ठेवायचं आहे, त्यामुळे 2-3 किलोंचा काटा अपुरा पडतो. काट्यावर टेअरचं बटण हवंच. भांडं ठेवून ते दाबलं की आकडा शून्य होतो आणि पुढे फक्त भांड्यात पडणाऱ्या पदार्थाचं वजन दिसतं. नवा काटा आणल्यावर एकच वस्तू तीन-चार वेळा, थोडी जागा बदलून ठेवून पाहा. फरक 1-2 ग्रॅमच्या आत असला की काटा चांगला आहे.

माणसाचं वजन करायचा काटा घरात असतोच. नोंदीसाठी वही किंवा मोबाइलवरचं अॅप, दोन्ही चालतं. अॅपमध्ये बेरीज आपोआप होते, पण त्यातल्या बऱ्याच नोंदी कुणीतरी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात आणि त्यातल्या काही साफ चुकीच्या असतात. नोंद निवडण्याआधी एक पडताळा करायचा: प्रथिनांच्या आणि कर्बोदकांच्या प्रत्येक ग्रॅमला 4 कॅलरी, स्निग्धाच्या प्रत्येक ग्रॅमला 9. समजा, 100 ग्रॅम शेंगदाण्यांच्या नोंदीत 50 ग्रॅम स्निग्ध लिहिलंय आणि एकूण कॅलरी 320 दाखवल्यात. नुसत्या स्निग्धाच्याच 450 होतात, म्हणजे ती नोंद सोडून द्यायची. (शेंगदाण्यांच्या खऱ्या कॅलरी 100 ग्रॅमला 570 च्या आसपास असतात.) असा पडताळा प्रत्येक पदार्थाचा एकदाच करावा लागतो. बहुतेक लोक फिरून फिरून तेच पंचवीस-तीस पदार्थ खातात, त्यामुळे आठवड्याभरात आपली खात्रीची यादी तयार होते.

दुसरी पायरी: दोन आठवडे नुसती नोंद

या दोन आठवड्यांत खाणं कमी करायचं नाही. नेहमी खाता तेच, तेवढंच खायचं आणि सगळं लिहायचं. नवीन माणसाला हे सगळ्यात जड जातं, कारण त्याला आजच सुरुवात करायची असते. पण आपण सध्या किती खातो हे कळल्याशिवाय किती कमी करायचं ते ठरवता येत नाही. दुसरं असं की, लिहायला लागलं की माणूस आपोआपच थोडं कमी खातो. एक बिस्किट लिहायचा कंटाळा म्हणून ते खाल्लंच जात नाही. हे ध्यानात ठेवून मुद्दाम नेहमीसारखं वागायचं.

लिहायचे नियम थोडे आहेत. पदार्थ तोंडात जाण्याआधी लिहायचा, रात्री आठवून नाही. रात्रीपर्यंत चहा, स्वयंपाक करताना घेतलेली चव आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं पुसलं गेलेलं असतं. लिहिलेलं पुसायचं नाही. आणि "आजचा दिवस वाया गेला, उद्यापासून लिहू" असं म्हणून दिवस सोडायचा नाही. सोडलेले दिवस नेमके जास्त खाल्लेले असतात, त्यामुळे ते गाळले की उरलेली सरासरी चुकतेच.

याशिवाय प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा: काट्यावर मोजलं असेल तर "मो", पाकिटावरून घेतलं असेल तर "पा", अंदाजाने लिहिलं असेल तर "अं". पुढे वजन आणि नोंद यांचा मेळ बसला नाही की शोध कुठे घ्यायचा ते या खुणांवरून कळतं. दिवसाच्या निम्म्या नोंदी "अं" असतील तर त्या दिवसाच्या बेरजेवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

तिसरी पायरी: मोजायची रीत

नवखे लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर पाहू.

*तेल.* तेलाच्या दर 100 ग्रॅममध्ये सुमारे 884 कॅलरी असतात. तूप सोडलं तर दुसरा कुठलाच नेहमीचा पदार्थ इतका दाट नाही, त्यामुळे छोटी चूकसुद्धा इथे मोठी होते. सपाट भरलेला 5 मिलिलिटरचा चमचा म्हणजे जवळपास 40 कॅलरी आणि 15 मिलिलिटरचा मोठा चमचा म्हणजे जवळपास 120. स्वयंपाक करताना मात्र कुणी चमचा सपाट भरत नाही, बाटली तिरपी करून अंदाजाने धार सोडतात. म्हणून बाटलीच काट्यावर ठेवा, टेअर दाबा, लागेल तेवढं तेल पॅनमध्ये ओता आणि बाटली परत ठेवा. काट्यावर −18 दिसलं तर 18 ग्रॅम तेल गेलं. लोणी, मध, दाण्याचं लोणी, सॉस, सगळं याच उलट्या रीतीने मोजायचं. भांडी खराब होत नाहीत आणि चमच्याला चिकटलेलं चाटून टाकलं तरी ते हिशेबात धरलं जातं.

काट्याची एक खोड माहीत असू द्या. अगदी हळूहळू, थेंब-थेंब टाकलेला पदार्थ काही काटे मोजतच नाहीत. शून्याजवळचा बारीक बदल ते यंत्राचं सरकणं समजून पुन्हा शून्य करतात. आकडा हलत नसेल तर पदार्थ उचलून पुन्हा एकदम ठेवा.

*कच्चं की शिजलेलं.* तांदूळ शिजताना पाणी पितो आणि त्याचं वजन अडीच-तीन पट होतं. 100 ग्रॅम कोरड्या तांदळात 360 च्या आसपास कॅलरी असतात, तर 100 ग्रॅम भातात सुमारे 130. मांसाचं उलट असतं. शिजताना पाणी सुटतं आणि वजन घटतं. चिकनच्या छातीचा तुकडा कच्चा असताना 100 ग्रॅमला सुमारे 120 कॅलरी, शिजल्यावर सुमारे 165. वजन शिजलेल्याचं आणि नोंद कच्च्याची अशी गल्लत झाली की भातात आकडा फुगतो आणि चिकनमध्ये पडतो. एकच सवय लावून घ्या. पदार्थ लिहिताना त्याच्यापुढे "कच्चं" किंवा "शिजलेलं" लिहायचं आणि नोंदही तीच निवडायची.

*एका पातेल्यात सगळ्यांसाठी केलेलं.* घरचं जेवण असं असतं, त्यामुळे हे मोजता येणारच नाही असं म्हणून अनेक जण इथेच सोडून देतात. पण रीत सोपी आहे. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदा करून कायमचं लिहून ठेवा. समजा ते 640 ग्रॅम आहे. आता घातलेले जिन्नस लिहा: कोरडी मसूर 200 ग्रॅम (सुमारे 700 कॅलरी), तेल 30 ग्रॅम (265), कांदा 150 ग्रॅम (60), टोमॅटो 200 ग्रॅम (36). मीठ-मसाला आणि पाणी सोडून दिलं तरी चालतं. बेरीज 1,061. शिजल्यावर पातेल्यासकट वजन 1,840 ग्रॅम आलं, त्यातून 640 वजा केले, उरले 1,200 ग्रॅम अन्न. 1,061 ला 1,200 ने भागून 100 ने गुणलं की 100 ग्रॅमला सुमारे 88 कॅलरी. ताटात 320 ग्रॅम वाढून घेतलं तर 282 कॅलरी. कुणी किती खाल्लं, किती उरलं, याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही, कारण तुमचा वाटा ग्रॅममध्ये आहे. पाणी जास्त झालं तरी हरकत नाही. वजन वाढलं की 100 ग्रॅमच्या कॅलरी तेवढ्या कमी होतात.

वाढण्याआधी पातेलं नीट ढवळून घ्या, कारण तेल वर तरंगतं. वरवरचा तेलकट भाग घेतला तर हिशेबापेक्षा जास्त येतं. तळलेल्या पदार्थांचं मात्र इतकं चोख मोजता येत नाही. तळण्याआधी आणि नंतर तेलाचं भांड्यासकट वजन करून फरक घ्या आणि नोंदीपुढे "अं" लिहा. तळताना पदार्थातलं पाणी उडून जातं, काही चुरा तेलात राहतो, म्हणून तो आकडा कच्चाच असतो.

*पाकिटावरचं.* पाकिटावर एका वाढपाचे आणि 100 ग्रॅमचे असे दोन आकडे बऱ्याचदा असतात. नेहमी 100 ग्रॅमचाच घ्यायचा आणि आपण खाल्लेले ग्रॅम मोजायचे. छापलेलं वाढप बहुतेक वेळा आपल्या खाण्यापेक्षा लहान असतं.

भाज्यांबाबत फार काटेकोर होऊ नका. काकडी 20 ग्रॅमने चुकली तर 3 कॅलरींचा फरक पडतो, दाणे 20 ग्रॅमने चुकले तर 110 हून जास्त. वेळ जिथे कॅलरी आहेत तिथे घालवायचा: तेल, दाणे-बिया, साखर, भात-ब्रेड, चीज, मांस.

त्या माणसाच्या नोंदीत काय सापडलं

त्याच्या दोन आठवड्यांच्या मोजलेल्या नोंदींशी जुन्या अंदाजी नोंदी ताडून पाहिल्या. कामाच्या दिवसांत चार ठिकाणी गळती निघाली.

चहा तो कधी लिहीतच नव्हता, कारण त्याच्या मते चहा हे खाणं नव्हतं. दिवसाला तीन कप, प्रत्येकात 80 मिलिलिटर दूध (सुमारे 50 कॅलरी) आणि दोन चमचे, म्हणजे 8 ग्रॅम साखर (सुमारे 32). तिन्हींचे मिळून 246. भात तो 150 ग्रॅम लिहायचा आणि काट्यावर 240 भरला. वरच्या 90 ग्रॅमचे 117. तेल एक चमचा म्हणून 40 कॅलरी लिहायचा, त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात 25 ग्रॅम येत होतं. फरक 180. आणि संध्याकाळी घरी आल्या-आल्या उभ्याउभ्या खाल्लेले मूठभर शेंगदाणे. मूठ काट्यावर मोजली तर 35 ग्रॅम, 198 कॅलरी. एकूण 741. म्हणजे 1,550 लिहिलेल्या दिवशी तो प्रत्यक्षात 2,290 च्या आसपास खात होता.

उरलेला फरक शनिवार-रविवारात होता. हे दोन दिवस तो पूर्वी लिहायचाच नाही. "आठवडाभर पाळतो, दोन दिवस सूट" असा त्याचा शिरस्ता होता. आता लिहिले तेव्हा दोन्ही दिवस 2,950 च्या आसपास निघाले. पाच दिवस 2,290 आणि दोन दिवस 2,950, यांची सरासरी 2,480. सूत्राने सांगितलेला आकडाही तोच. दर वेळी आकडे इतके जुळून येत नाहीत. 150-200 चा फरक राहिला तरी खर्चाचा अंदाज आपल्या मोजलेल्या नोंदीवरूनच धरायचा, कारण सूत्राला तुम्ही माहीत नसता.

यात कुठलीही एक गोष्ट मोठी नाही. त्याने भात बंद केला होता तेव्हा भाताच्या कॅलरी गेल्या खऱ्या, पण भूक वाढली आणि दाण्यांची मूठ दुप्पट झाली. ती कुठे लिहिलेलीच नव्हती.

चौथी पायरी: मोजता न येणारं खाणं

बाहेर जेवताना, पाहुणे म्हणून गेल्यावर काटा काढता येत नाही. तेव्हा अख्ख्या पदार्थाची नोंद अॅपमध्ये शोधू नका. ताटाचे भाग पाडा. भात घरच्या ताटाशी तुलना करून किती ग्रॅम असेल, मांस तळहाताएवढं आहे की दुप्पट, ब्रेडचे तुकडे किती, हे वेगवेगळं लिहा. शेवटी तेल-लोण्याचे 20 ते 30 ग्रॅम वेगळे जोडा, कारण बाहेरच्या स्वयंपाकात ते दिसत नाहीत आणि कमी धरायचा मोह सगळ्यांनाच होतो. दोन-तीन आठवडे घरी मोजून झालेले असले की डोळ्यांना मापाची सवय लागते, तेव्हा हा अंदाज पूर्वीपेक्षा बराच जवळ येतो. पेय घेतलं असेल तर तेही लिहा. मद्यात अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला 7 कॅलरी असतात, साखर किंवा ज्यूस घातला असेल तर ते आणखी वेगळं.

पाचवी पायरी: वजनाची सरासरी

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्या-पिण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा आणि लिहा. पण एका दिवसाचा आकडा बघून काही ठरवू नका. आदल्या दिवशी खारट खाल्लं, उशिरा जेवलात, पोट साफ झालं नाही, तर वजन रात्रीत किलोभराने वर जातं. स्त्रियांमध्ये पाळीच्या दिवसांत पाणी साचून त्याहूनही जास्त वाढू शकतं. चरबी रात्रीत किलोभर वाढू शकत नाही, त्यासाठी जवळपास 7,700 कॅलरी जादा लागतील. दर आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. पाळी असलेल्या स्त्रियांनी चार आठवड्यांपूर्वीच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी.

दोन आठवड्यांतून एकदा टेपने बेंबीच्या पातळीवर कंबर मोजली तर चांगलंच. व्यायामाने स्नायू वाढत असतील तर काटा हलत नाही, पण टेप हलतो.

सहावी पायरी: आकडा ठरवणं आणि तपासणं

आता आपल्या माणसाने रोजचे 2,000 ठरवले. तूट 480. आठवड्याला 3,360, म्हणजे 0.4 किलोच्या थोडं वर. यापेक्षा घाई केली तर भूक आवरत नाही आणि नोंदीत पुन्हा भोकं पडायला लागतात. 2,000 बसवायला त्याने काही बंद केलं नाही. दाण्यांची मूठ 15 ग्रॅमवर आणली, भात 130 ग्रॅमवर आणला, चहात एक चमचा साखर ठेवली, घरातलं तेल मोजून निम्मं केलं आणि शनिवार-रविवारचं जेवणही लिहून 2,300 च्या आत ठेवलं. कामाच्या दिवसांत त्यासाठी 1,880 वर राहावं लागतं. आठवड्याची बेरीज 14,000 आली म्हणजे झालं.

सुरुवातीची सरासरी होती 88.2. पहिल्या आठवड्यानंतर 87.1. इतकी घसरण पाहून तो हरखला, पण त्यातलं बरंच पाणी होतं. खाणं, विशेषतः कर्बोदकं आणि मीठ, कमी झालं की शरीरातला साखरेचा साठा घटतो आणि त्याच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. पूर्वीच्या प्रत्येक प्रयत्नात सुरुवातीला उतरलेल्या वजनातही बरंचसं हेच होतं. म्हणून पहिला आठवडा हिशेबातून वगळायचा आणि दुसऱ्यापासून पुढचे चार आठवडे पाहायचे.

त्या चार आठवड्यांत तो 87.1 वरून 86.0 वर आला. उतरले 1.1 किलो. 1.1 ला 7,700 ने गुणून 28 दिवसांनी भागलं की दिवसाची खरी तूट निघते: सुमारे 300. ठरली होती 480. म्हणजे 180 कुठेतरी गळत होत्या. अशा वेळी लोक लगेच आणखी 200 कॅलरी कमी करतात. त्याआधी नोंद तपासायची.

खुणांच्या मदतीने शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक "मो" खुणेची होती आणि तरी चुकलेली: रात्रीचं चिकन तो शिजल्यावर 200 ग्रॅम मोजायचा, पण नोंद कच्च्याची निवडायचा. 240 लिहिले जात होते, होते 330. दुसरी कुठेच नव्हती. जेवण आटोपल्यावर मुलाच्या ताटातले दोन-तीन घास तो अन्न वाया जाऊ नये म्हणून खायचा. आठवडाभर ते घास काट्यावर ठेवून पाहिले तर सरासरी 90 कॅलरी भरल्या. दोन्ही मिळून 180. चिकनची नोंद बदलली आणि उरलेलं अन्न डब्यात झाकून ठेवायला लागला. ठरवलेला आकडा 2,000 च राहिला.

या तपासणीत आणखी एक ठिकाण पाहायचं असतं, व्यायामाच्या कॅलरी. घड्याळं आणि अॅप चालण्या-धावण्याच्या कॅलरी दाखवतात आणि काही अॅप त्या दिवसाच्या हद्दीत परत घालतात. ते आकडे बऱ्याचदा फुगलेले असतात, शिवाय नेहमीचं चालणं 1.4 च्या गुणाकारात आधीच धरलेलं आहे. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते परत घालणं बंद करा. व्यायाम वाढवलात तर त्याचा परिणाम वजनाच्या सरासरीत दिसेलच, तो वेगळा खाण्याची गरज नाही.

नोंद तपासूनही गळती सापडली नाही आणि पुढच्या चार आठवड्यांतही उतार कमीच राहिला, तर मग तुमचा खर्चच अंदाजापेक्षा कमी आहे असं समजून रोजचे 100-150 कमी करा. अंगावर सूज, सतत थकवा, थंडी सहन न होणं असं काही सोबत असेल तर मात्र आकडे बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

वजन उतरल्यावर

82 किलोंवर पोचल्यावर सूत्रातले 60 कमी होतात, 1.4 ने गुणल्यावर 84. म्हणजे त्याच 2,000 मध्ये तूट आता 480 ऐवजी 395 च्या आसपास राहते, आणि कमी खाणाऱ्या माणसाची दिवसभरातली हालचालही नकळत मंदावते. उतार संथ होणं इथे अपेक्षितच असतं. दर पाच किलोंनंतर हिशेब नव्याने करा.

काटा आयुष्यभर ताटाशेजारी ठेवावा लागत नाही. तीन-चार महिन्यांत नेहमीच्या पदार्थांची मापं हाताला कळतात आणि तेव्हा भात, भाजी, फळं अंदाजाने वाढली तरी भागतं. तेल आणि दाणे मात्र तेव्हाही मोजूनच घ्या, कारण या दोघांचा अंदाज सगळ्यात आधी बिघडतो. सहा-आठ आठवड्यांतून एकदा सलग सात दिवस पुन्हा सगळं काट्यावर मोजा. त्यासाठी खास शिस्तीचा आठवडा निवडू नका. नेहमीसारखा, घरी जेवण असलेला आठवडा घ्या. अंदाजाने आधी लिहायचं, मग मोजून शेजारी खरा आकडा लिहायचा. दोघांतला फरक दिवसाला 200 कॅलरींच्या वर गेला असेल तर दोन आठवडे पुन्हा सगळं मोजून काढायचं.